थांबवायचा हक्क सगळ्यांना

कॅमेऱ्यातून माणूस ओळखून चालणारी गाडी ही कल्पना मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती, आणि मी ते लपवलंही नव्हतं. माझं सगळं आयुष्य लोखंडात गेलं. लोखंड खोटं बोलत नाही. वेल्ड कच्चा असेल तर तो तुटतो आणि का तुटला ते तुटलेल्या जागी दिसतं. कॅमेरा मात्र चुकला की खांदे उडवतो, असं माझं मत होतं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा आहे. कारखान्यांना लागणाऱ्या ढकलगाड्या, कन्व्हेयर, रॅक असलं सामान आम्ही बनवतो. मालक माझा कॉलेजपासूनचा मित्र. नोकरी सोडून त्याने धंदा काढला आणि मलाही ओढलं. तो ऑर्डर आणतो, मी सांगाडे, चाकं, मोटारी बघतो. आमची भांडणं एवढी ठरलेली असतात की ऐकणारे चहा प्यायला थांबतात.

विक्रोळीच्या एका प्रेस शॉपने आमच्याकडे वेगळीच गाडी मागितली. तिथे पत्र्याचे भाग ठोकून काढतात. तयार भागांनी भरलेली गाडी एका माणसाने ढकलत पॅकिंगपर्यंत न्यायची, हे त्यांना बंद करायचं होतं. मोटारवाली गाडी हवी, पण ती चालवायची कशी? रिमोट दिला तर हातात तेलाने माखलेले जाड हातमोजे. तोंडाने हुकूम द्यावा तर प्रेसच्या ठोक्यांत शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिथले लोक दिवसभर एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. मालक ते बघून आला आणि म्हणाला, "गाडीलाही हातवारेच कळले तर?"

त्या एका वाक्यासाठी त्याने एका प्रोग्रॅमर मुलीला कामावर घेतलं.

ती मुलुंडची. वय तिशीच्या आतबाहेर, कपाळावर कायम एक आठी, आणि बोलण्यात आमच्या मालकाला पुरून उरणारी. मला पहिल्याच दिवशी "काका" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारींची वायरिंग गचाळ आहे असं सांगितलं. गचाळ होतीच. पण हे सांगायची पद्धत असते की नाही?

तिने टेबलावर एक कॉम्प्युटर-बोर्ड ठेवला. पत्त्यांच्या कॅटएवढा. त्याला एक कॅमेरा जोडला आणि मला समोर उभं केलं. पडद्यावर मी दिसलो आणि माझ्या अंगावर ठिपके उमटले: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेचे सांधे, गुडघे, घोटे. ठिपके रेघांनी जोडलेले. मी हात हलवला, रेघाही हलल्या. पोट मात्र कुठल्याच रेघेत दिसत नव्हतं, त्यामुळे तो मी मला फार आवडला.

"बोटं कुठायत?" मी विचारलं.

"बोटं नाहीत. सतरा ठिपके, बस. जास्त मागितलं तर हा बोर्ड रांगायला लागेल."

"मग मोठा कॉम्प्युटर लाव ना कुठेतरी. इंटरनेटने जोड."

"पत्र्याच्या शेडमध्ये नेट टिकतं का काका? आणि टिकलं तरी चित्र तिकडे जाणार, उत्तर परत येणार, तोवर गाडी पुढे गेलेली असेल. डोकं गाडीवरच पाहिजे."

ते मला पटलं. पुढचे महिने मी तिला काम करताना बघत होतो आणि माझी नापसंती रोज थोडी थोडी पातळ होत होती. आधी तिचं ते जाळं, म्हणजे ठिपके शोधणारा प्रोग्रॅम, त्या बोर्डवर इतकं हळू चालायचं की मी हात खाली केल्यावर पडद्यावरचा मी तो वर करायचो. तिने त्यातले मोठे दशांश आकडे मोडून लहान पूर्णांक केले. तसं केलं की वेग वाढतो पण अचूकपणा थोडा घसरतो. कुठे किती घसरायला द्यायचा, हे ठरवायला ती विक्रोळीच्या शेडमधलेच फोटो वापरायची. तिथला पिवळट, धुरकट उजेड त्यात हवा म्हणून. नेटवरचे चकचकीत फोटो तिने बाजूला काढले. मी फोर्जिंगवाल्यांमध्ये असा हट्टी कारागीर बघितला आहे, स्क्रीनसमोर बसणाऱ्यांत पहिल्यांदाच बघत होतो.

मग एकदा दुपारी गाडी सुस्तावली. सकाळी बरोबर, दुपारी सुस्त. ती दोन दिवस प्रोग्रॅममध्ये डोकं घालून बसली. मी सहज बोर्डच्या डब्याला हात लावला तर चटका बसला. बंद डब्यात बोर्ड तापत होता आणि तापला की स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करत होता. मी डब्याची एक बाजू काढून तिथे उष्णता बाहेर टाकणारी, उभ्या पात्यांची ॲल्युमिनियमची प्लेट बसवली. ती म्हणाली, "काका, तुम्ही झकास आहात." मी म्हणालो, "आणि वायरिंग?" ती म्हणाली, "ती अजून गचाळच आहे."

गाडीला शिकवलेल्या खुणा तिने एका पोस्टरवर छापल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर नेले की गाडी त्या माणसाला आपला चालक मानायची. मग एक हात सरळ वर केला की चालकाकडे यायला लागायची. उजवा हात बाजूला ताणला की उजवीकडे, डावा ताणला की डावीकडे. दोन्ही हात बाजूला ताणून उभं राहिलं की थांबायची. पहिल्या दिवशी गाडी डावं-उजवं उलटं करत होती, कारण समोर उभ्या माणसाचा उजवा हात कॅमेऱ्याला डावीकडे दिसतो. ते सुधारलं. आमच्या गाळ्यात गाडी शहाण्या मुलासारखी वागायची. आम्ही सगळे पोस्टर पाठ करून तिच्यासमोर कवायत करायचो.

पुढच्या बाजूला मी एक रबरी बंपर लावला होता. कशालाही टेकला की मोटारींची वीजच तुटणार. त्याचा कॅमेऱ्याशी, बोर्डशी, कुणाच्याही हुशारीशी संबंध नाही. ती हसली नाही. उलट म्हणाली, "हे राहू दे. माझं काहीही झालं तरी हे राहू दे." तिच्याबद्दल माझं मत मनापासून बदललं ते त्या वाक्याने.

पहिली चाचणी विक्रोळीत झाली. तिथला सुपरवायझर मालवणकडचा, माझ्याच वयाचा. आमचे बाप एकाच गिरणीत होते की काय अशी चौकशी आमच्यात पहिल्या पाच मिनिटांत होऊन गेली. त्याने पोस्टर नीट वाचलं, दोनदा खुणा करून दाखवल्या, आणि भरलेल्या गाडीसमोर उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर. मग एक हात वर. गाडी निघाली. त्याने हात खाली घेतला. गाडी येत राहिली, कारण तसंच ठरलं होतं: थांबायची खूण मिळेपर्यंत यायचं.

सगळ्यांचे फोन बाहेर आले. गाडी चालण्याच्या वेगाने येत होती. अंतर कमी झालं आणि सुपरवायझरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने झटकन उजवा हात पुढे केला, पंजा उघडा, थेट गाडीच्या तोंडावर.

गाडी थांबली नाही.

त्याने हात आणखी पुढे ताणला. मागे सरकला. मागे रॅक होता. माझा बंपर त्याच्या नडगीला टेकला आणि मोटारी मेल्या. लागलं नाही फारसं, पण तो पांढरा पडला होता.

"अरे हात दाखवलंय मरे मी!" तो ओरडला. "हात दाखवलंय तरी थांबणा नाय ही!"

"सर, तो हात नाही," ती म्हणाली. "थांबायला दोन्ही हात बाजूला. पोस्टरवर आहे."

"समोरसून गाडी इली की माणूस पोस्टर आठवता?"

गाडी टेम्पोत चढवून आम्ही परतलो. गाळ्यात आल्यावर मालकाने काय ते सांगितलं. पंधरवड्याने दुसरी चाचणी आहे, ती शेवटची. तिथेही असंच झालं तर कॅमेरा निघेल, हातमोज्यात दाबता येईल असा जाड बटणांचा रिमोट लागेल. आणि तिला त्याच्या मेव्हण्याच्या कंपनीत पाठवलं जाईल, तिथे बाटल्या मोजणारे कॅमेरे बसवायला.

"मी बाटल्या मोजायला नाही आले," ती म्हणाली.

"मग हे नीट कर," तो म्हणाला. मला त्याचा राग आला, पण त्याचं चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं. माणसाच्या नडगीचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला रेकॉर्डिंग दाखवलं. सुपरवायझर पडद्यावर, अंगावर ठिपके. हात वर होता तेव्हा खांदा, कोपर, मनगट अशी लांब रेघ. मग त्याने पंजा समोर केला, आणि रेघ आखडून नाहीशीच झाली. तिन्ही ठिपके एकमेकांवर जाऊन बसले, खांद्याच्या आसपास.

"हात गेला कुठे?" मी विचारलं.

"कुठे नाही गेला. कॅमेऱ्याच्या दिशेने आला. एकाच कॅमेऱ्याला लांबी-रुंदी दिसते, खोली नाही दिसत. पाइपाकडे तोंडाकडून बघा, तुम्हाला किती लांब दिसेल?"

"नुसती गोल कड."

"तेच. त्याने जीव खाऊन हात पुढे केला आणि गाडीला वाटलं, हा हात खाली घेऊन उभा आहे की काय." ती खुर्चीत मागे टेकली. "पण काका, त्याने तो हात का केला? सकाळीच शिकवलं होतं. सगळं करून दाखवलं त्याने. नीट पोस्टरप्रमाणे करायला काय झालं होतं?"

ती चिडली होती ती त्याच्यावर. माझ्या मते चिडायची ती दिशा चुकीची होती, पण तिला तसं सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "चल, जेवून येऊ."

इस्टेटीच्या बाहेरच्या रस्त्यापलीकडे आम्ही जेवायला जातो. तिथे सिग्नल नाही. आम्ही नेहमीसारखेच ओलांडायला लागलो. ती माझ्या पुढे, मान माझ्याकडे वळवून, त्या सुपरवायझरचा उद्धार करत. "साधी गोष्ट आहे ना, दोन हात असे करायचे..." आणि डावीकडून रिक्षा आली. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. बोलता बोलता डावा हात रिक्षाच्या दिशेने केला, पंजा उघडा, आणि चालत राहिली. रिक्षा हळू झाली. आपण सगळे हेच करतो. शाळेत असताना आईचा हात सुटला त्या दिवसापासून करतो.

दोन पावलांवर ती थांबली. रस्त्याच्या मधोमध. वाक्य अर्धवट. आपल्याच उघड्या पंज्याकडे बघत राहिली.

मागून दुसरी रिक्षा करकचून थांबली. "ओ मॅडम, मेहंदी बाद में देखना!" ड्रायव्हर ओरडला. तिने त्यालाही तोच पंजा दाखवला आणि हसायला लागली. इतकी हसली की मी तिला दंडाला धरून फुटपाथवर आणलं.

"काका, मी मूर्ख आहे."

"ते आहेच. झालं काय?"

"त्याने काही चूक नाही केली. समोरून गाडी आली तर मुंबईतला माणूस दुसरं काय करेल? मीच एवढी मोठी खूण सोडून दिली. ती सगळ्यांना आधीच येते, आणि मी त्यांना कवायत शिकवत बसले!"

जेवण राहिलं. ती तिथेच फुटपाथवर उभी राहिली, आणि मीही, पोटात कावळे ओरडत असताना. आम्ही लोकांचे हात बघत होतो. कॉलेजच्या मुली, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, डोक्यावर खोकं घेतलेला हमाल. काहीजण समोर तोंड करून हात दाखवत. बहुतेकजण मात्र चालण्याच्या दिशेने तोंड ठेवून हात फक्त बाजूला, गाडीकडे करत. एका आजींनी काठीच दाखवली. मीही त्या रस्त्यावरून कित्येक वर्षं जातो, पण त्या दिवशी तिच्यामुळे पहिल्यांदाच तो बघितला. तिला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. पण तिला दिसतंय हे मला दिसत होतं, आणि त्याचं मला कौतुक वाटत होतं, हे आज उघड लिहितो.

गाळ्यात परतल्यावर तिने पोस्टर फाडलं.

"पहिली गोष्ट," ती मला आणि मालकाला म्हणाली, "आतापर्यंत गाडी चालत राहायची आणि थांबायला खूण लागायची. ते उलटं करायचं. चालायला खूण लागेल, आणि ती धरून ठेवावी लागेल. खूण सुटली, थांबली. ठिपके धूसर झाले, थांबली. माणूस कॅमेऱ्यातून गेला, थांबली. शंका आली, थांबली."

"हात वर धरून धरून दुखेल माणसाचा," मालक म्हणाला.

"वर नाही धरायचा. रिक्षाला करतो तसा बाजूला, सैल. ज्या बाजूचा हात, गाडी येताना त्या बाजूला वळत येईल. तोही सगळ्यांना येतो."

मला हे एवढं आवडलं की मी टेबलावर थाप मारली. म्हणजे सुपरवायझरने घाबरून पंजा पुढे केला असता तर तो ओळखायचीही गरज नव्हती. बाजूचा हात नाहीसा झाला, एवढंच गाडीला पुरलं असतं.

"दुसरी गोष्ट," ती म्हणाली. "चालवणारा एकच. पण थांबवायचा हक्क सगळ्यांना. कॅमेऱ्यात जो कोणी असेल, त्याने पंजा दाखवला की गाडी थांबली पाहिजे. त्याला गाडीबद्दल काही माहीत असो नसो."

आणि हे अवघड निघालं. चालकाचा हात नाहीसा होणं सोपं होतं. पण आडव्या जाणाऱ्या परक्या माणसाचा पंजा ओळखायचा म्हणजे तो खरोखर शोधायला हवा. आधीचं जाळं एकाच माणसाचे ठिपके काढायचं. आता सगळ्यांचे काढणारं हवं होतं. ते जड. बोर्ड पुन्हा सुस्तावला. तिने चित्राचा आकार लहान केला, तर लांबची माणसं विरघळली. मग तिने हिशेब केला की गाडीच्या वेगाला फार लांबचं बघायची गरजच नाही, आणि आकार मध्ये कुठेतरी आणून ठेवला. एकदा गाडी चांगल्या वेगाने बघत असूनही उशिराच थांबत होती. तिने शोधलं की कॅमेऱ्याची चित्रं रांगेत साठत होती आणि बोर्ड इमानदारीत जुनी चित्रं आधी तपासत होता. "शिळं नको," ती पुटपुटली आणि ताजं चित्र सोडून बाकी सगळी फेकायला लावली. बोर्डकडून वेळेत हुकूम आला नाही तर मोटारींचा कंट्रोलर स्वतःच थांबेल, हे मात्र मी बसवून घेतलं.

पंजा ओळखायचा म्हणजे आखडलेला हात ओळखायचा. खांद्याच्या खाली, कंबरेच्या वर, कोपर आणि मनगट जवळजवळ. पण किती जवळ? जवळच्या माणसाचं सगळं मोठं दिसतं, लांबच्याचं लहान, म्हणून मोजायला माणसाच्याच अंगातलं माप हवं. तिने आधी खांद्यांची रुंदी घेतली होती. बाजूने चालणाऱ्या माणसाचे दोन्ही खांदे एकमेकांमागे जातात, माप शून्याला येतं. फुटपाथवर उभं राहिल्यामुळे तिला हे आधीच माहीत होतं. तिने खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंची घेतली. कोणत्याही बाजूने बघा, चालणाऱ्या माणसाची ती फार बदलत नाही.

मग माणसं लागली. तिने इस्टेटीच्या आवारात खडूने दोन रेघा मारल्या, एका टोकाला गाडी उभी केली, आणि शेजारच्या कपड्यांच्या युनिटमधल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत बोलावलं. "रस्ता ओलांडायचा, बाकी काही नाही. आमचा कॅमेरा चालू असेल, चालेल ना?" बायकांना एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणींना घेऊन आल्या. पदर असलेल्या, ओढणी असलेल्या, बुरखा घातलेल्या, डबा धरलेल्या. पदराखाली कोपर गेलं की ठिपका इकडेतिकडे पळायचा. फोन कानाला लावलेला हात पंज्यासारखा वाटून गाडी उगाच थांबायची. वॉचमनने डोकं खाजवलं तरी थांबायची. मनगट कानाच्या जवळ असेल तर तो हात मोजायचा नाही, असं तिने घातलं. ज्या ठिपक्याबद्दल जाळ्यालाच खात्री नसेल, तिथे गाडी आधी हळू होईल, असंही घातलं. ती प्रत्येकीला "थँक्यू ताई" म्हणायची आणि प्रत्येकीनंतर काहीतरी बदलायची. कपाळावरची आठी त्या दिवसांत मला दिसली नाही.

दुसऱ्या चाचणीला मी मालकापेक्षा जास्त घाबरलो होतो. नवीन पोस्टर नव्हतं. सुपरवायझरने विचारलं, "आज काय शिकवणार?"

"सुरुवातीला दोन्ही हात डोक्यावर, चालक तुम्ही आहात हे तिला कळायला. मग रिक्षाला हात करतात तसा. बस."

"आणि थांबवूक?"

"जे वाटेल ते करा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी बंपरकडे बोट दाखवलं. तो उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर, मग एक हात बाजूला. गाडी निघाली, हाताच्या बाजूला किंचित वळत. त्याने हात सोडला, गाडी उभी. पुन्हा हात, पुन्हा निघाली. त्याने पाठ फिरवली, उभी. तो खाली बसला, उभी. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पोरकट हसू यायला लागलं. शेवटी त्याने गेल्या वेळेसारखाच पंजा समोर ताणला. गाडी जागच्या जागी उभी.

मालक मान हलवत होता, पण मी त्याला ओळखतो. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं: हाच माणूस आधी घाबरलेला, आता तयारीने आलेला. सांगून केलेल्या कामाचं काय मोठंसं.

"अजून एकदा, पॅकिंगपर्यंत," तो म्हणाला.

सुपरवायझर पॅकिंगच्या दाराशी जाऊन उभा राहिला, हात बाजूला केला. गाडी भरलेली, त्याच्याकडे निघाली. आम्ही सगळे मागून चालत होतो. आणि तेवढ्यात बाजूच्या दारातून पॅकिंगमधली एक बाई बाहेर आली. कानाला फोन, काखेत डब्याची पिशवी, प्रेसच्या आवाजात फोनवर ओरडून बोलत. गाडीच्या वाटेत आडवी. आमच्यापैकी कुणीही तिला कधी बघितलं नव्हतं. तिने मान वळवली नाही. चालता चालता मोकळा हात फक्त गाडीकडे केला, पंजा उघडा.

गाडी थांबली. बंपर तिच्यापासून चांगला लांब होता.

बाई तशीच पलीकडे गेली, फोनवर बोलत. सुपरवायझरचा हात अजून बाजूलाच होता, तो खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.

"हिका कोणी शिकवल्यान?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. मालक तिच्याजवळ गेला. तो काही गोड बोलणाऱ्यांतला नाही. "मेव्हण्याला सांगतो," तो म्हणाला, "बाटल्या त्याच्या त्यालाच मोजू दे."

पलीकडच्या दाराशी त्या बाईने फोन खाली घेतला. इतके लोक तिच्याकडे बघतायत हे तिला आत्ता दिसलं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं. "गाडी का थांबवलीत?"